गिफ्ट कार्डाची मुदत संपली, दोन हजार अडकले: मागायचे कुणाकडे?

प्रश्न: २०२४ च्या दिवाळीत मिस्टरांना नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतून बँकेचं ५,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड मिळालं होतं. १८ मे २०२५ ला मी कॉलेज रोडला ६,४५० ची साडी घेतली, तर कार्डावरून फक्त ३,००० गेले, बाकीचे यूपीआयने भरले. आदल्या दिवशी ह्यांनी किराणा दुकानात तेच कार्ड २,००० साठी लावलं होतं, पण मशीन अडकलं म्हणून रोख दिले. उरलेले २,००० वापरायला या नोव्हेंबरात गेले, तर कार्ड एक्स्पायर. दुकानदार म्हणतो बँकेला विचारा, एचआर म्हणतं आमचा संबंध संपला. त्याच साडीच्या दुकानाची १,४५० ची क्रेडिट नोटही माझ्याकडे आहे. ड्रेसची शिवण पहिल्याच धुण्यात उसवली म्हणून परत केला होता. तिचीही ९० दिवसांची मुदत गेली. पैसे बुडाले का?

उत्तर:

ताई, बुडाले नाहीत. कार्डाचे दोन हजार परत मिळण्याची शक्यता चांगली आहे आणि क्रेडिट नोटसाठीही भांडायला जागा आहे. फक्त दोन्हींचा रस्ता वेगळा आहे. एकाच अर्जात दोन्ही विषय घातलेत तर बँक म्हणेल दुकानाचं आम्हाला सांगू नका, आणि दुकान म्हणेल बँकेचं आम्हाला सांगू नका. तुमच्या बाबतीत ते झालंच आहे.

मी एमजी रोडवरच्या एका कपड्याच्या दुकानात चौदा वर्षं काउंटर आणि हिशेब दोन्ही पाहिलं. आता लोकांचे तक्रारअर्ज लिहून देतो. काउंटरच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिलं त्यावरून सांगतो.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: किराणा दुकानात मशीन अडकलं. माझ्या अंदाजाने तुमचे दोन हजार मुदत संपून गेलेले नाहीत. ते १७ मे रोजीच कार्डातून निघाले आणि मधल्या मध्ये लटकले. म्हणूनच दुसऱ्या दिवशी साडीच्या दुकानात पाच हजारांऐवजी तीनच हजार चालले. कार्डाच्या मशीनला बँकेकडून उत्तर यायला थोडा वेळ लागतो. मशीनने पैसे मागितले, बँकेने "हो" म्हणून कार्डातून रक्कम बाजूला काढली, आणि ते "हो" दुकानात पोचण्याआधी रेंज गेली, की स्लिप निघत नाही. दुकानदार म्हणतो "फेल झालं, रोख द्या". त्याचं खोटं नसतं, त्याला खरंच काही मिळालेलं नसतं. पण कार्डाच्या हिशेबात दोन हजार कमी झालेले असतात. भद्रकालीच्या बोळात किंवा तळघरातल्या दुकानांत हे नेहमी होतं.

पगाराच्या खात्यात असं झालं तर लगेच एसएमएस येतो आणि आपण आरडाओरडा करतो. गिफ्ट कार्डाला कुणाचा मोबाइल जोडलेला असतो? बहुतेक वेळा कंपनीने शंभर-दोनशे कार्डं एकगठ्ठा घेतलेली असतात आणि नोंद एचआरच्या एखाद्या माणसाच्या नंबरवर असते. पैसे कटल्याचा मेसेज त्याला जातो. मुदत संपत आल्याचाही त्यालाच जातो. तो बिचारा दिवाळीनंतर असे मेसेज उघडतसुद्धा नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे कार्डाचं स्टेटमेंट काढणं. कार्ड उलटं करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात कार्ड कोणी दिलंय ते छापलेलं असतं, आणि शिल्लक पाहायची वेबसाइट किंवा कस्टमर केअरचा नंबरही. पुढे ज्या बँकेचा लोगो मोठा दिसतो तीच देणारी असेल असं नाही, म्हणून मागचं वाचा. त्या साइटवर कार्ड नंबर टाकून व्यवहारांची यादी मिळते. मुदत संपलेल्या कार्डावर साइट उघडली नाही तर फोन करून "कार्डात पैसे भरल्यापासून आजपर्यंतचे व्यवहार ईमेलवर पाठवा" असं सांगा. फोनवर कुणी पिन किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. यादी पाठवायला त्याची गरज नसते.

यादी हातात आली की तुमचा प्रश्न अर्धा सुटतो, कारण तीनच शक्यता उरतात.

पहिली: १७ मे रोजी किराणा दुकानाच्या नावे २,००० वजा झालेत, १८ ला साडीच्या दुकानाचे ३,००० वजा झालेत, आणि त्यानंतर काही नाही. शिल्लक शून्य. म्हणजे लटकलेले पैसे परत आलेच नाहीत. दुसरी: १७ ला २,००० वजा, १८ ला ३,००० वजा, आणि २०-२२ मेच्या आसपास २,००० पुन्हा जमा. म्हणजे पैसे परत आले होते, पण तुम्हाला कळलं नाही आणि मधल्या काळात कार्डाची मुदत संपली. तिसरी आणि सगळ्यात वाईट: ते २,००० किराणा दुकानाच्या खात्यात खरोखर जमा झालेत. तिथे बँकेची चूक नाही, दुकानदाराकडे दोनदा पैसे गेलेत.

पहिली आणि तिसरी यादीत सारखीच दिसतात. दोन्हींत २,००० वजा आणि पुढे शांतता. फरक बँकेला विचारावा लागतो. असं विचारा: "हा व्यवहार नुसता मंजूर झाला होता की सेटल झाला?" रात्री दुकान बंद करताना दुकानदार मशीनवर दिवसाचा हिशेब बंद करतो, त्याला सेटलमेंट म्हणतात. तुमचा व्यवहार त्या गठ्ठ्यात गेला असेल तरच त्याला पैसे मिळतात. प्रत्येक व्यवहाराला आरआरएन नावाचा बारा आकडी नंबर असतो. बँकेकडून तो मागून घ्या. तो नंबर घेऊन किराणा दुकानात गेलात की दुकानदार त्याच्या बँकेकडून पाच मिनिटांत तपासून घेऊ शकतो. ओळखीचं दुकान असेल तर आधी तिथेच जा, बरेच दुकानदार स्वतःहून परत देतात.

आता पहिली शक्यता धरू, कारण मला तीच वाटते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये फसलेल्या व्यवहारांसाठी दिवस ठरवून दिले आहेत. दुकानातल्या मशीनवर कार्डातून पैसे गेले पण दुकानाला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप उलटी जमा झाली पाहिजे. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे, मधे रविवार आला तरी. पुढे उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. तुमचा व्यवहार १७ मेचा, म्हणजे २२ मेपर्यंत पैसे यायला हवे होते. २३ मेपासून ३० नोव्हेंबरपर्यंत १९२ दिवस होतात, म्हणजे १९,२०० रुपये.

आकडा पाहून हुरळून जाऊ नका. मूळ रक्कम दोन हजार असताना एकोणीस हजार भरपाई कुणी हसत देत नाही. बँक म्हणेल व्यवहार आमच्याकडे यशस्वी दिसतो, किंवा तुम्ही इतके दिवस कळवलंच नाही. तरीही अर्जात आकडा लिहाच. भरपाईचा हिशेब मांडला की अर्ज साध्या कस्टमर केअरच्या टेबलावरून पुढे सरकतो. निदान मूळ रक्कम लवकर सुटते, हे मी पाहिलंय.

दुसरी शक्यता निघाली, म्हणजे पैसे परत येऊन मुदतीत अडकलेत, तर तुमची बाजू त्याहून सोपी आहे. लोकांना वाटतं कार्डावरची तारीख गेली की पैसे बँकेचे झाले. बँकांच्या आणि परवानाधारक कंपन्यांच्या प्रीपेड कार्डांसाठी, ज्यांना पीपीआय म्हणतात, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सध्याचे ऑगस्ट २०२१ चे. त्यांत गिफ्ट कार्डासाठी वेगळा भाग आहे: रक्कम जास्तीत जास्त १०,०००, पुन्हा भरता येत नाही, रोख काढता येत नाही. ही सगळी बंधनं. पण त्याच नियमांत असंही आहे की कार्डधारकाने मागितलं की कार्डाची मुदत वाढवून द्यायची, गरज पडली तर नवीन कार्ड देऊन. आणि मुदत संपल्यावर शिल्लक रक्कम मागायला ग्राहक कधीही आला तरी ती त्याच्या बँक खात्यात द्यायची. कार्ड देणाऱ्याला ती शिल्लक मुदतीनंतर निदान तीन वर्षं स्वतःच्या नफ्यात घेताही येत नाही. तुमची मुदत संपून तीन वर्षं झालेली नाहीत.

मुदतीबद्दल आणखी एक गोष्ट तपासा. कार्ड किमान एक वर्ष चाललं पाहिजे, आणि ते वर्ष पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजतात, तुमच्या हातात आल्याच्या दिवसापासून नाही. कंपन्या कार्डं सप्टेंबरात मागवतात, ती महिनाभर कपाटात पडतात आणि वाटप होतं धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. कार्डावर 10/25 छापलं असेल तर ते ३१ ऑक्टोबरपर्यंत चालणार होतं, म्हणजे नियमात बसतं. पण पैसे ऑक्टोबर २०२४ मध्ये भरले आणि कार्डावर 09/25 छापलं असेल, तर वर्ष पूर्ण व्हायच्या आतच मुदत संपवली. तेवढा एक मुद्दा तुम्हाला फुकट मिळेल. भरल्याची तारीख स्टेटमेंटच्या पहिल्या ओळीत असते.

तसंच, मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कार्ड देणाऱ्याने ग्राहकाला सावध करायला हवं, एसएमएस, ईमेल किंवा दुसऱ्या मार्गाने. तो इशारा कोणत्या नंबरवर कोणत्या तारखेला पाठवला ते अर्जात विचारा. उत्तर बहुधा एचआरचा नंबर निघेल. त्याने बँकेची चूक सिद्ध होईलच असं नाही, पण तुम्हाला माहिती नव्हती हे कागदावर येतं.

इथे एक सापळा आहे. गिफ्ट कार्डाची रक्कम रोख देता येत नसली, तरी कार्डधारकाच्या संमतीने ती ज्या खात्यातून भरली त्या खात्यात परत पाठवता येते. कस्टमर केअरचा मुलगा गोड आवाजात म्हणेल, "मॅडम, आम्ही सोर्स अकाउंटला रिव्हर्स करून देतो, चालेल ना?" तुम्ही "चालेल" म्हणालात की दोन हजार मिस्टरांच्या कंपनीच्या खात्यात जातील, आणि तिथून ते काढायचे म्हणजे लेखा विभागाच्या दाराशी चकरा. एका गृहस्थांचे साडेतीन हजार असे गेले. ते कंपनीच्या "इतर जमा" मध्ये सहा महिने बसले होते. तेव्हा स्पष्ट सांगा: मला नवीन कार्ड द्या, नाहीतर माझ्या बँक खात्यात द्या, सोर्सला नको. नवीन कार्डाला काही ठिकाणी शुल्क लावतात. कार्डासोबत आलेल्या कागदावर ते लिहिलं नसेल तर देऊ नका.

अर्ज ईमेलने करा, मराठीत किंवा इंग्रजीत. लांब लिहू नका. मी साधारण असा लिहितो:

"कार्डाचे शेवटचे चार अंक ____. दि. १७ मे २०२५ रोजी ____ या दुकानात २,००० रुपयांचा व्यवहार फसला, स्लिप निघाली नाही, ती रक्कम मी रोख दिली. कार्डातून मात्र २,००० वजा झाले आहेत. हा व्यवहार सेटल झाला का आणि त्याचा आरआरएन काय, हे कळवावे. सेटल झाला नसल्यास रक्कम आणि २३ मे २०२५ पासून दररोज १०० रुपयांप्रमाणे भरपाई द्यावी. रक्कम कार्डावर परत आली असल्यास कार्डाची मुदत वाढवून द्यावी किंवा शिल्लक माझ्या खात्यात द्यावी. सोर्स खात्यात परत पाठवण्यास माझी संमती नाही. मुदतीचा इशारा कोणत्या क्रमांकावर पाठवला तेही कळवावे."

सोबत कार्डाचे पुढचे-मागचे फोटो लावा, मधले अंक झाकून. साडीचं बिल लावा. त्यावर कार्डाचे ३,००० आणि यूपीआयचे ३,४५० वेगळे दिसतील, आणि १८ मे रोजी शिल्लक तेवढीच होती हे त्यातून कळतं. कार्डावर नाव नसेल तर कंपनीने हे कार्ड मिस्टरांना दिलं असं एचआरकडून दोन ओळींचं पत्र घ्या. "आमचा संबंध संपला" म्हणणारे एचआरवाले तेवढं पत्र देतात, कारण त्यात त्यांच्या खिशातून काही जात नाही. अर्ज मिस्टरांच्या नावाने करा, कार्ड त्यांना मिळालंय.

कार्ड देणाऱ्याला तक्रार निकालात काढायला ३० दिवस आहेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे चालत नाही. अडलं तर 14448 वर फोन करता येतो. उत्तर मिळाल्यापासून ठरावीक मुदतीच्या आत जायचं असतं, त्यामुळे रेंगाळू नका, पण बँकेला आधी लिहिल्याशिवाय थेट तिथे गेलात तर अर्ज परत येईल. आणि याच पैशांसाठी ग्राहक आयोगात वेगळा दावा सुरू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. कार्डासाठी मी लोकपालच निवडेन, दोन हजारांसाठी तोच सरळ रस्ता आहे.

तिसरी शक्यता निघाली, म्हणजे दुकानाला पैसे मिळालेत, तर लोकपालाकडे जायचं कारणच उरत नाही. आरआरएन घेऊन किराणा दुकानात जा. त्याने मशीनवरून रिफंड केला तर पैसे पुन्हा त्या मेलेल्या कार्डावर जातील आणि तुम्हाला पुन्हा बँकेकडे जावं लागेल. दुकानदार तयार असेल तर रोख किंवा यूपीआयने घ्या आणि त्याच्याकडून वहीच्या कागदावर एक ओळ लिहून घ्या. हेच सूत्र साडीलाही लागू आहे. तुम्ही ती परत केली असती, तर कार्डाने भरलेले ३,००० कार्डावरच गेले असते. म्हणून गिफ्ट कार्ड रिकामं झालं तरी माल बदलायची मुदत संपेपर्यंत फेकू नये.

आता क्रेडिट नोट. इथे रिझर्व्ह बँक विसरा. एखादं दुकान फक्त स्वतःकडेच चालणारं कार्ड किंवा नोट देतं, तेव्हा त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि वर सांगितलेले एक वर्षाचे, ४५ दिवसांचे नियमही लागत नाहीत. तिथे दुकानाची अट आणि ग्राहक संरक्षण कायदा, एवढंच. म्हणून पहिला प्रश्न हा की क्रेडिट नोट मिळाली कशाबद्दल.

तुम्ही म्हणता ड्रेसची शिवण पहिल्याच धुण्यात उसवली. मग ती नोट मुळात तुमच्यावर लादलेली होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष माल परत न घेणं किंवा त्याचे पैसे परत न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत पैसे द्यायचे. "पैसे मिळणार नाहीत, नोट घ्या" ही पाटी सदोष मालाला लावता येत नाही. ड्रेस चांगला असता आणि रंग आवडला नाही म्हणून परत केला असता, तर गोष्ट वेगळी होती. तिथे दुकान मेहेरबानी करत असतं आणि त्याने आधी सांगितलेली मुदत बऱ्यापैकी टिकते. फक्त ती आधी, म्हणजे खरेदीच्या वेळी सांगितलेली हवी, परत करताना नोटेच्या तळाला छापून दाखवलेली नव्हे.

म्हणून नोटेवर परत करण्याचं कारण काय लिहिलंय ते बघा. आमच्या दुकानात संगणकावर कारण निवडावं लागायचं, आणि गर्दीत कॅशियर डोळे झाकून पहिलंच कारण दाबायचा. ते असायचं "साइज". तुमच्याही नोटेवर तसंच असेल तर उसवलेल्या शिवणीचा फोटो, दुकानाशी झालेलं व्हॉट्सॲपचं बोलणं, काहीतरी शोधा. नसेल तर ही बाजू कमकुवत होते, हे आधीच सांगतो.

दुकानात गेल्यावर "जीएसटीमुळे नव्वद दिवसांनंतर चालत नाही" असं ऐकायला मिळेल. मीही हे वाक्य कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलंय, मालकाने शिकवलं होतं म्हणून. खरी गोष्ट अशी की परत आलेल्या मालावरचा कर दुकानदाराला कमी करून घ्यायचा असेल, तर त्या क्रेडिट नोटेची नोंद पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर तोपर्यंत, दाखवावी लागते. नव्वद दिवस कायद्यात कुठेच नाहीत. शिवाय ही मुदत त्याच्या कराची आहे, तुमच्या १,४५० ची नाही.

काउंटरवर वाद घालू नका. कॅशियरच्या हातात काही नसतं, संगणक मुदत संपलेली नोट घेतच नाही. पण मॅनेजरच्या पासवर्डने जुनी रद्द करून नवीन नोट काढता येते, आणि प्रत्येक दुकानात हे अधूनमधून होतं. न वापरलेली नोट दुकानाच्या वहीत देणं म्हणून पडलेली असते. तिला धंद्यात "ब्रेकेज" म्हणतात आणि वर्षाअखेरीला हिशेबनीस ती खूश होऊन उत्पन्नात टाकतो. म्हणून मार्चच्या आत जा, आणि दिवाळी किंवा लग्नसराईच्या गर्दीत जाऊ नका. मंगळवारी-बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास मॅनेजर मोकळा सापडतो. "पैसे द्या" ऐवजी "नवीन नोट काढून द्या, आजच वापरते" असं म्हटलंत तर निम्म्या वेळा काम तिथेच होतं.

नाही झालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथे तक्रार नोंदवली की ती दुकानाकडे पाठवतात. मोठ्या साखळी दुकानांची मुख्य कार्यालयं याला उत्तर देतात. एकट्या दुकानाचा मालक बऱ्याचदा देत नाही. हेल्पलाइनला हुकूम देता येत नाही, हे लक्षात असू द्या.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दावा e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन भरता येतो. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही नाशिकला राहता, म्हणून दुकानाचं मुख्य कार्यालय मुंबईत असो की बंगळुरूला, दावा नाशिकमध्येच होतो. बिलाच्या तळाला "फक्त मुंबई न्यायालयाच्या अधिकारात" छापलेलं असेल, त्याने घाबरू नका. मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. दाव्यात "सदोष माल" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" हे शब्द वापरा. इंटरनेटवरचे नमुने पाहून "अनुचित करार" लिहू नका. ती तक्रार ऐकायचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, ती राज्य आयोगाकडे जाते, आणि १,४५० साठी तुमची फाइल मुंबईची वाट धरेल.

हे सगळं १,४५० साठी करावं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर मी आयोगापर्यंत जाणार नाही. तारखांना जायचा रिक्षाखर्च आणि अर्धा दिवस धरला तर हिशेब जमत नाही. मॅनेजर, मग 1915, आणि मग एक नोटीस स्पीड पोस्टाने. एवढ्यावर बहुतेक दुकानं नवीन नोट काढतात. माझीच एकदा चपलांच्या दुकानाची नऊशेची नोट गेली होती, तिथे मी नोटिशीपर्यंत गेलो आणि मग सोडून दिली. सौ. अजून त्याची आठवण काढते. कार्डाचे दोन हजार मात्र सोडू नका. तिथे नियम तुमच्या बाजूने लिहिलेला आहे आणि खर्च काहीच नाही.

दिवाळीच्या ऑफरमध्ये "पाच हजारांवर पाचशेचं व्हाउचर मोफत" असं मिळालेलं असेल तर ते यात मोजू नका. त्याचे पैसे तुम्ही दिलेले नसतात, त्याची मुदत गेली की गेलं.

जाता जाता पुढच्या वेळेसाठी काउंटरवरची एक गोष्ट. बिल कार्डाच्या शिलकीपेक्षा जास्त असलं की साधं मशीन पूर्ण व्यवहारच नाकारतं, स्लिपवर DECLINED येतं. जेवढं आहे तेवढं कापून घेऊन बाकी मागायची बुद्धी त्याला नसते. कॅशियर मग अंदाजाने कमी कमी रकमा टाकत बसतो, आणि प्रत्येक प्रयत्नात एखादी रक्कम लटकण्याचा धोका वाढतो. घरून निघताना शिल्लक पाहून ठेवा आणि कॅशियरला रुपयासकट सांगा: "कार्डावर आधी तीन हजार, बाकीचे यूपीआय." स्लिप निघाली नाही तर दुसरा प्रयत्न करण्याआधी तिथेच उभं राहून शिल्लक पुन्हा तपासा.

आणि मे महिन्यातल्या स्लिपा आजच पर्समधून काढून फोटो घ्या. थर्मल कागद आपल्याकडच्या उन्हाळ्यात पर्समध्ये राहिला की पांढरा पडतो. साडीच्या स्लिपवर रक्कम अजून वाचता येत असेल तर ती दिव्याजवळ किंवा इस्त्रीजवळ नेऊ नका, साध्या उजेडात फोटो काढा. वाचता येत नसेल तर दुकानात बिल नंबर सांगून दुसरी प्रत मागा.